फ्रेंच टोस्ट आणि ब्रेड पुडिंग आत ओलं का राहतं? या चुका टाळा

शनिवारी दुपारी माझ्या ठाण्याच्या स्वयंपाकघरात चार-पाच मुलं-मुली शिकायला येतात. कुणी होस्टेलवर राहायला निघालेलं असतं, कुणी परदेशी. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास त्यांचे फोटो यायला लागतात. बाहेरून छान तांबूस फ्रेंच टोस्ट, मधे चमच्याने उकरलेला खड्डा आणि त्यात पिवळट लगदा. खाली ठरलेला प्रश्न: "ताई, आत कच्चं का राहिलं?"

माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे. ओलं म्हणजे कसं ओलं? कारण आत ओलं राहण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे, एक तर दुसऱ्याच्या थेट उलटा. दाबल्यावर दुधाळ, पिवळसर, किंचित चिकट द्रव बाहेर आला तर ते कच्चं आहे, अजून शिजायला हवं. द्रव काहीच येत नाही, आतून चांगलं गरमही लागतं, पण मऊ पिठासारखा गिच्च लगदा आहे, तर दूध जास्त झालंय. आता कितीही वेळ तव्यावर ठेवा, फार फरक पडणार नाही. आणि पुडिंगमधून स्वच्छ, पातळ पाणी सुटून ताटलीत जमलं, तर ते जास्त शिजलंय. या तिसऱ्या प्रकाराला लोक कच्चं समजतात, पुन्हा गॅसवर चढवतात आणि उरलंसुरलंही घालवतात.

दूध "वाढवणं"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण मी स्वतः ती पाहुण्यांसमोर केली आहे.

मामेभाऊ सहकुटुंब आला होता, रविवारची सकाळ, आणि मी आदल्या रात्री मुलांना फ्रेंच टोस्ट कबूल करून बसले होते. सकाळी बघते तर घरात अंडी तीनच. स्लाइस मात्र बारा. आपल्याकडे पाहुणे वाढले की चहात दूध-पाणी वाढतं, आमटीत एक वाटी गरम पाणी जातं. त्याच सवयीने मी तीन अंड्यांत जवळजवळ अर्धा लिटर दूध ओतलं. भांडं भरलेलं दिसलं, जीव शांत झाला. टोस्ट तव्यावर पडले तेव्हा वासही छान सुटला. पण उलटताना मधे वाकायला लागले. मला वाटलं, अजून भाजायला हवेत. ठेवले अजून. मग कडा काळ्या पडल्या आणि मधला भाग तसाच. भाच्याने पहिला घास घेतला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "आत्या, याच्या आत शिरा आहे."

शेवटी तसंच केलं. सगळे टोस्ट हाताने कुस्करले, कढईत तूप घालून परतले, वर वेलदोडा टाकला आणि "ब्रेडचा शिरा" म्हणून वाढले. पोरं खाऊन गेली. वहिनी मात्र अजूनही आठवण काढते.

तेव्हा झालं काय? अंड्यातली प्रथिनं तापली की एकमेकांत गुंतून त्यांचं जाळं तयार होतं, आणि त्या जाळ्यात दुधाचं पाणी अडकतं. यालाच आपण "सेट झालं" म्हणतो. दूध जितकं जास्त तितकं जाळं विरळ. शिवाय दूध-साखर मिसळली की अंडं घट्ट व्हायला उष्णताही जास्त लागते. नुसतं फेटलेलं अंडं ७० अंश सेल्सिअसच्या आसपास धरायला लागतं. भरपूर दूध असलेलं मिश्रण धरायला ८० अंशांच्या जवळ जावं लागतं. मंद आचेवर पाऊण तास बसणाऱ्या पुडिंगला तेवढा वेळ मिळतो. तव्यावरच्या टोस्टला एका बाजूला तीन-चार मिनिटं मिळतात. म्हणून पुडिंगचं प्रमाण टोस्टला चालत नाही.

टोस्टसाठी माझं प्रमाण साधं आहे: जितकं अंडं तितकंच दूध, फार तर सव्वापट. सरळ उभ्या काचेच्या ग्लासात आधी अंडी फोडते, कुठपर्यंत आली ते बोटाने धरते आणि वर तेवढंच दूध ओतते, अगदी थोडं जास्त. आकड्यांत हवं असेल तर एका अंड्याला ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे पोह्याच्या नव्हे, मापाच्या मोठ्या चमच्याने चार चमचे. दोन अंडी आणि ११०-१२० मिलिलिटर दूध यात नेहमीच्या पॅकेटमधल्या पाच-सहा स्लाइस होतात. अंडी कमी असतील तर टोस्ट कमी करा. दूध वाढवू नका.

इथे परदेशी पाककृती डोळे मिटून करणाऱ्यांची आणखी एक गंमत होते. अमेरिकन कृतीतलं "लार्ज" अंडं कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅमचं असतं. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं अंडं बऱ्याचदा ४५ ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून लहान. त्यांचा कप २४० मिलिलिटरचा. म्हणजे अंडं आपलं आणि कप त्यांचा घेतला की दूध आपोआप जास्तच पडतं. चार अंड्यांची कृती असेल तर मी निमूट पाचवं फोडते.

ताजा ब्रेड, आणि फ्रिजमधला "शिळा" ब्रेड

फ्रेंच लोक या पदार्थाला "पँ पेर्दू" म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. नावातच सांगितलंय की हा कालच्या-परवाच्या पावाचा पदार्थ आहे. तरी मुलं बेकरीतून गरम ब्रेड घेऊन येतात आणि तो लगेच दुधात बुडवतात. ताज्या ब्रेडमध्ये मुळातच भरपूर पाणी असतं, त्याच्या मऊ भिंती भिजल्या की कोसळतात आणि स्लाइस हातातच तुटते.

हे बहुतेकांना माहीत असतं. फसतात ते पुढच्या पायरीवर. "ताई, मी तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला घेतला, मग तर चालेल ना?" फ्रिजमधला ब्रेड हाताला कडक लागतो, म्हणून तो कोरडा आहे असं वाटतं. तो कोरडा नसतो. शिळं होणं म्हणजे ब्रेडमधला स्टार्च पुन्हा घट्ट होणं, आणि हे फ्रिजच्या थंडीत सगळ्यात भराभर होतं. पाणी जवळजवळ तेवढंच आत असतं, खास करून पिशवीचं तोंड बांधलेलं असेल तर. विश्वास नसेल तर वजन करा: पॅकेटमधली स्लाइस आणलेल्या दिवशी २८ ग्रॅम भरली, तर तीन दिवसांनी बंद पिशवीतून काढल्यावरही २८ च्या आसपासच भरते. आणि तव्यावर तापली की ती परत मऊ पडते, हे तर आपण शिळा पाव भाजताना रोज बघतो.

तेव्हा ब्रेड वाळवायला लागतो. सगळ्यात मंद आचेवर कोरड्या तव्यावर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं, रंग येऊ न देता. ओव्हन असेल तर १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मधे एकदा उलटून. हात लावल्यावर वरून खरखरीत लागला पाहिजे, पण बिस्किटासारखा कडकडीत नको. २८ ग्रॅमची स्लाइस २४-२५ वर आली की मी थांबते. उन्हाळ्यात जाळीवर रात्रभर उघडा ठेवला तरी काम होतं. जुलैत हा उद्योग करू नका, ठाण्याच्या पावसात ब्रेड सुकत नाही, त्याला बुरशी येते.

एवढी दहा मिनिटं सगळ्यांना जड जातात. "डायरेक्ट बुडवलं तर नाही का चालणार?" असं विचारणाऱ्याला मी आता उत्तर देत नाही. एक स्लाइस वाळवलेली आणि एक तशीच, दोन्ही एकदम करायला लावते आणि दोन्ही कापून समोर ठेवते.

किती वेळ बुडवायचं

हे जाडीवर आहे. पॅकेटमधली पातळ स्लाइस वाळवलेली असली तरी एका बाजूला दहा सेकंद, दुसऱ्या बाजूला दहा सेकंद. बस. ती साधारण आपल्या वजनाइतकं, थोडं जास्तच मिश्रण पिते. २५ ग्रॅमची स्लाइस ५५ च्या पुढे गेली की उचलताना मधे पोट सोडते, आणि पोट सोडलं की समजायचं, हिचा मधला भाग चिकट राहणार. बेकरीतून न कापलेला ब्रेड आणून घरी दोन सेंटिमीटरची जाड स्लाइस कापली असेल तर एका बाजूला एक ते दीड मिनिट लागतं. नाहीतर वर ओलं आणि मधे कोरड्या ब्रेडचा पांढरा पट्टा, ही उलटी फजिती होते.

बुडवून झालं की लगेच तव्यावर टाकू नका. जाळीवर किंवा तिरक्या धरलेल्या ताटलीत दोन मिनिटं ठेवा. जास्तीचं निथळतं आणि उरलेलं आत मुरतं. तव्यावर पडल्या पडल्या भोवती आम्लेटची झालर पसरली, तर निथळू दिलं नाही हे मला लांबूनच कळतं.

तवा तापवून बसणारे

मोठ्या आचेने बाहेरचा भाग दीड मिनिटात तांबूस होतो आणि आतला भाग तेव्हा जेमतेम कोमट असतो. मध्यमपेक्षा थोडी कमी आच, थोडं तूप. नुसतं लोणी घेतलं तर त्यातला दुधाचा अंश आधी जळतो. पहिली बाजू झाकण ठेवून तीन मिनिटं, म्हणजे वाफेने आतपर्यंत ऊब पोचते. उलटल्यावर झाकण काढून आणखी तीन. जाड स्लाइसला एकेक मिनिट वाढवा. मधोमध उलथण्याने हलकं दाबून बघा: परत वर आली तर झाली, कडेला दुधाळ बुडबुडे आले तर आच आणखी कमी करून दोन मिनिटं द्या. लहान मुलांना द्यायचे असतील तर हे बघणं टाळू नका, कच्चं अंडं त्यांच्या पोटात जायला नको.

बाकी किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या गोष्टी. साखर मिश्रणात अंड्यामागे एक छोटा चमचा पुरे, जास्त घातली की आत शिजायच्या आधी बाहेर करपतं. गोड हवं तर वरून घाला. अंडं आधी साखर-मिठाबरोबर एकजीव फेटा, मग दूध घाला, आणि चहाच्या गाळणीतून गाळा, नाहीतर टोस्टवर उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे चट्टे येतात. झालेले टोस्ट एकावर एक रचू नका. डब्यात द्यायचे असतील तर जाळीवर निववूनच भरा. गरम भरून झाकण लावलं की डब्याला आतून घाम फुटतो आणि शाळेत मधल्या सुट्टीत तो ओला लगदा तुमच्या नावावर खपतो.

पुडिंगला शिट्ट्या

आता तो तिसरा प्रकार, स्वच्छ पाणी सुटण्याचा.

माझ्याकडचा एक मुलगा, पुण्याला नोकरीला लागलेला, हुशार पण भयंकर घाईचा. खोलीवर ओव्हन नाही, म्हणून त्याला मी कुकरमध्ये कॅरॅमल ब्रेड पुडिंग करायला शिकवलं. "शिटी काढून ठेव," असं दोनदा सांगितलं होतं. त्याने विचार केला, शिटी लावली तर पाऊण तासाचं काम पंधरा मिनिटांत. तीन शिट्ट्या काढल्या. भांडं उघडलं तर पुडिंग टम्म फुगलेलं. त्याने कापून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, बघा जाळी किती मस्त पडलीये!"

ढोकळ्याला जाळी पडली की आपण कौतुक करतो. अनारशाची जाळी बघायला तर शेजारणी येतात. पुडिंगला पडलेली जाळी म्हणजे अंड्याची वाट लागलेली आहे. शिटी लावलेल्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं. ८० अंशांच्या आसपास हळूच धरायचं ते मिश्रण तिथे अक्षरशः उकळलं. प्रथिनांचं जाळं आवळत गेलं, पिळलेल्या फडक्यासारखं, आणि धरलेलं पाणी बाहेर टाकलं. ती भोकं म्हणजे वाफेने पाडलेल्या वाटा. अर्ध्या तासाने त्याचा दुसरा फोटो आला: ताटलीत वाटीभर पाणी, मधे चिवट पिवळा स्पंज. "आतून अजून पाणी सुटतंय, परत लावू का कुकर?" मी फोनच केला. परत लावायचं नव्हतंच. पाणी ओतून टाकायला लावलं, पुडिंग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं आणि सकाळी थंडच खाऊन टाक म्हटलं. जास्त शिजलेल्या पुडिंगचं याहून काही होत नाही.

आता मी घरी कसं करते ते सगळ्या मापांसह सांगते. भांडं १५ सेंटिमीटरचं, ॲल्युमिनियमचं, त्यात तळाला साखरेचं कॅरॅमल. पाव १६० ग्रॅम, वाळवण्याआधी वजन केलेला. लादीपाव असेल तर साधारण साडेचार-पाच होतात, पण पाव लहान-मोठे येतात म्हणून मोजण्यापेक्षा वजन करा. तुकडे करून वाळवायचे. फुल क्रीम दूध ३५० मिलिलिटर, आपल्याकडची तीन अंडी, ७० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ. म्हणजे एका अंड्याला जवळजवळ ११५-१२० मिलिलिटर दूध, टोस्टच्या दुप्पट. मंद आचेवर ते छान धरतं. टोन्ड दुधानेही होतं, फक्त त्यात फॅट निम्मं, त्यामुळे चव थोडी पाणचट लागते. मी मग एक चमचा साय फेटून घालते.

दूध कोमट करा, उकळतं नको. उकळत्या दुधात अंडं ओतलं की गुठळ्या होतात आणि मग "दूध नासलं" म्हणून दूधवाल्याचा उद्धार. मिश्रण गाळून पावावर ओतलं की अर्धा तास भिजू द्या आणि मधे दोनदा चमच्याने तुकडे खाली दाबा. वरचे तुकडे तरंगतात आणि कोरडे राहतात. अर्ध्या तासाने सगळ्यात जाड तुकडा मोडून बघा. आत पांढरी कोरडी गाठ दिसली तर आणखी दहा मिनिटं. रात्रीच भिजवून ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही.

भांड्यावर फॉइल घट्ट बसवा, दुहेरी. हे सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि नुसती ताटली झाकतात. झाकणाला जमलेल्या वाफेचे थेंब टपटप पुडिंगमध्ये पडतात आणि वरचा थर पाणचट होतो, मग आत सगळं बरोबर असूनही खाणारा म्हणतो "ओलं राहिलं."

कुकरच्या तळाला जाळी, भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी, झाकणाची शिटी काढलेली, आणि आच इतकी मंद की पाणी खदखदता कामा नये, नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. झाकण लावल्यावर पाणी दिसत नाही, म्हणून मी कानावर जाते. भांडं आत खडखड वाजायला लागलं की आच जास्त आहे. नवख्यांनी सरळ मोठ्या पातेल्यात करावं, झाकण उचलून बघता येतं. पस्तीस मिनिटांनी पहिल्यांदा बघा. ओव्हनमध्ये करायचं तर १६० अंश, ट्रेमध्ये गरम पाणी, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं.

झालं हे ओळखायला भांडं हलकेच हलवते. कडेचा भाग स्थिर आणि मधला तीन-चार सेंटिमीटरचा भाग खरवसासारखा थरथरला, तर गॅस बंद. मधे लाट उठली तर अजून सात-आठ मिनिटं. काहीच हललं नाही तर उशीर झालाय. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ७८-८० अंशांना उतरवा. सुरी खुपसून अगदी स्वच्छ निघेपर्यंत थांबणारे केकच्या हिशेबाने चालतात. मधोमध सुरी स्वच्छ निघते तोवर कडा जास्त शिजलेल्या असतात.

उतरवल्यावर लगेच उपडं करू नका. मधला भाग स्वतःच्या उष्णतेवर आणखी धरत असतो. अर्धा तास ओट्यावर, मग निदान तीन तास फ्रिजमध्ये. कडेने सुरी फिरवून ताटलीवर उलटं केलं की भोवती तपकिरी पाक पसरतो. तो कॅरॅमल आहे. पहिल्या वर्षी एका मुलीने तेही "पाणी सुटलं" म्हणून सिंकमध्ये ओतलं होतं.